सेझमधील ग्राहकाला बिनकराचे बिल देण्यापूर्वी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमची वातानुकूलन यंत्रांची देखभाल करणारी छोटी कंपनी आहे आणि तिची बिले, जीएसटीची विवरणपत्रे व वसुली मी पाहते. ऐरोलीतल्या एका आयटी इमारतीत तीन मजले घेतलेल्या कंपनीकडून आम्हाला वार्षिक देखभालीचे काम मिळाले, तेव्हा वर्क ऑर्डरच्या शेवटच्या ओळीत ‘करमुक्त, सेझ युनिट’ एवढेच लिहिलेले होते. कराराची रक्कम वर्षाला सहा लाख रुपये, म्हणजे तिमाहीला दीड लाख होती. त्यावर अठरा टक्क्यांनी तिमाहीला सत्तावीस हजार रुपये कर होतो. हा कर लावायचा नाही, असे ग्राहक सांगत होता. माझे म्हणणे एवढेच होते की तो का लावायचा नाही, हे दाखवणारे कागद पहिले बिल निघण्यापूर्वी माझ्या फाइलमध्ये असले पाहिजेत. ते कसे मागितले, काय मिळाले आणि अखेरीस बिल कसे निघाले, हे सविस्तर लिहीत आहे, कारण ठाणे-बेलापूर पट्ट्यात सेझमधल्या कार्यालयांना सेवा देणारे माझ्यासारखे पुष्कळ लोक आहेत आणि ग्राहकाच्या तोंडी शब्दावर बिनकराची बिले काढण्याची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

आधी कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे सेझमधल्या युनिटला केलेला पुरवठा एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम १६ खाली शून्य दराचा मानला जातो. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्या कलमात एक महत्त्वाची अट स्पष्ट शब्दांत आली आहे: पुरवठा त्या युनिटच्या अधिकृत कामकाजासाठी असला पाहिजे. ग्राहक सेझमध्ये बसतो एवढ्याने भागत नाही. आपण दिलेली सेवा त्याला ज्या कामासाठी मान्यता मिळाली आहे त्या कामासाठी वापरली गेली, हे दिसावे लागते. कर न लावता बिल द्यायचे तर पुरवठादाराने स्वतः GST RFD-11 या नमुन्यात हमीपत्र दाखल केलेले असावे लागते. त्याला सगळे एलयूटी म्हणतात. ते एका आर्थिक वर्षापुरते असते आणि ३१ मार्चला संपते. आमचे नव्या वर्षाचे एलयूटी एप्रिलच्या सुरुवातीलाच दाखल झालेले होते, त्यामुळे आमच्या बाजूचा कागद तयार होता. प्रश्न ग्राहकाच्या बाजूचा होता.

ग्राहकाच्या प्रशासन विभागातल्या साहेबांना मी फोन केला, तेव्हा ते सौजन्याने म्हणाले, “मॅडम, आमची पूर्ण कंपनी सेझमध्ये आहे, आम्हाला टॅक्स लागतच नाही. आधीच्या व्हेंडरने असं कधी काही मागितलं नव्हतं.” या वाक्याला उत्तर देताना आवाज चढू न देणे फार महत्त्वाचे आहे, कारण समोरच्याला वाटते की आपण त्याच्यावर अविश्वास दाखवत आहोत. मी त्यांना सांगितले की सूट तुम्हाला मिळते, पण तिचा पुरावा ठेवण्याची जबाबदारी बिल देणाऱ्यावर असते. उद्या अधिकाऱ्याने विचारले आणि माझ्याकडे कागद नसेल, तर तो कर माझ्या कंपनीकडून व्याजासह वसूल होईल, आणि तोपर्यंत तुमच्याकडचे वर्षाचे हिशेब बंद झालेले असतील. हे ऐकल्यावर त्यांनी लेखी विनंती पाठवायला सांगितले. मलाही तेच हवे होते.

विनंती लिहिण्यापूर्वी एक गोष्ट मी स्वतः तपासून घेतली. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही `Search Taxpayer` या सोयीत कोणाचाही जीएसटी क्रमांक टाकून पाहता येतो. वर्क ऑर्डरवरचा क्रमांक मी टाकला, तर `Taxpayer Type` या ओळीसमोर `Regular` असे आले. पत्ता मुंबईतल्या मुख्य कार्यालयाचा होता. सेझमधल्या युनिटला स्वतंत्र नोंदणी घ्यावी लागते आणि तिच्या समोर `SEZ Unit` असे दिसते. याचा अर्थ असा की ऑर्डर ज्या क्रमांकावर काढली होती, त्या क्रमांकावर बिनकराचे बिल काढणे शक्यच नव्हते. काम ऐरोलीत आणि बिल मुंबईच्या क्रमांकावर, ही गफलत फार सर्रास होते, कारण खरेदी विभाग मुख्य कार्यालयात बसतो आणि त्यांच्या संगणकात कंपनीचा एकच पत्ता भरलेला असतो.

मग मी पत्र लिहिले. त्यातले विकास आयुक्त म्हणजे सेझचे प्रमुख सरकारी अधिकारी, स्पेसिफाइड ऑफिसर म्हणजे सेझमधला सीमाशुल्क अधिकारी आणि पृष्ठांकन म्हणजे त्याने बिलावर केलेली नोंद. पत्रातला मुख्य भाग असा होता:

“आपल्या वर्क ऑर्डरमध्ये सदर सेवेवर जीएसटी आकारू नये असे नमूद आहे. त्यानुसार एलयूटीखाली कर न आकारता बिल देण्यास आमची तयारी आहे. मात्र ही सवलत केवळ सेझ युनिटच्या अधिकृत कामकाजासाठी घेतलेल्या सेवेला लागू असल्याने आणि तसे सिद्ध न झाल्यास कराची व व्याजाची जबाबदारी पुरवठादार म्हणून आमच्यावर येत असल्याने, पहिले बिल देण्यापूर्वी आम्हाला पुढील कागद हवे आहेत: ऐरोली युनिटच्या सेझ जीएसटी नोंदणीचे प्रमाणपत्र, विकास आयुक्तांचे मान्यतापत्र आणि ते आजही मुदतीत असल्याचे दाखवणारे पत्र, देखभाल-दुरुस्तीची सेवा आपल्या युनिटच्या मान्य सेवांच्या यादीत असल्याचा कागद, आणि सेझ युनिटच्या क्रमांकावर दुरुस्त केलेली वर्क ऑर्डर. तसेच प्रत्येक बिलावर स्पेसिफाइड ऑफिसरचे पृष्ठांकन घेऊन त्याची प्रत आम्हाला देण्याचे आपण लेखी मान्य करावे. हे कागद तिमाहीच्या अखेरीपर्यंत न मिळाल्यास कायद्यानुसार आम्हाला बिल एकात्मिक जीएसटी लावूनच द्यावे लागेल.”

शेवटचे वाक्य काहींना कठोर वाटेल, पण ते धमकीसाठी नव्हते. देखभालीचा वार्षिक करार ही सातत्याने दिली जाणारी सेवा आहे, आणि करारात पैसे देण्याची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपर्यंत बिल निघालेच पाहिजे. कागद येईपर्यंत बिल अडवून ठेवण्याची मुभा मला नाही. म्हणूनच ही मागणी काम सुरू होतानाच करायची असते; तिमाही संपल्यावर मागितले तर ग्राहक आणि आपण दोघेही अडकतो.

उत्तरात प्रशासन विभागाने एक स्कॅन केलेला कागद पाठवला आणि लिहिले, ‘आमचे कर-सूट प्रमाणपत्र जोडले आहे.’ तो फॉर्म ए-२ होता. सेवा कराच्या काळात सेझ युनिटला आधीच करमुक्त सेवा घ्यायची असेल तर ए-१ नमुन्यात घोषणापत्र करून अधिकाऱ्याकडून ए-२ मिळवावे लागे, आणि त्याची प्रत सेवा देणाऱ्याला दिली जाई. त्या दिवसांत खरोखरच हा एक कागद पुरेसा होता, त्यामुळे जुन्या फाइलींमध्ये तो ‘सूट प्रमाणपत्र’ म्हणूनच बसला आहे. पण १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि सेवा करासोबत त्या कागदाचा उपयोगही संपला. जीएसटीमध्ये एकच असे प्रमाणपत्र उरलेले नाही. सूट सिद्ध होते ती मान्यतापत्र, नोंदणी, मान्य सेवांची यादी आणि पृष्ठांकन या साखळीतून. कंपनीच्या लेटरहेडवर ‘आम्ही सेझमध्ये आहोत, कर लावू नये’ असे लिहून दिलेले पत्रही मला नंतर पाठवण्यात आले. ते मी फाइलमध्ये ठेवले, पण त्याला पुरावा मानले नाही, कारण सवलत हवी असलेल्या पक्षाचे स्वतःचे म्हणणे एवढेच त्याचे मोल आहे.

यानंतर पत्रव्यवहार त्यांच्या वित्त विभागाकडे गेला आणि तिथल्या ताईंनी प्रकरण नीट हातात घेतले. त्यांनी विकास आयुक्तांच्या मान्यतापत्राची, म्हणजे सगळे ज्याला एलओए म्हणतात त्याची, पूर्ण प्रत पाठवली. नवी मुंबईतल्या अशा युनिटांसाठी हे पत्र अंधेरीच्या सीप्झमधल्या विकास आयुक्त कार्यालयाकडून येते. मान्यतापत्र हातात आले की बहुतेक लोक पहिले पान पाहून फाइल बंद करतात. तीन गोष्टी मात्र शांतपणे वाचायच्या असतात: मान्यता कोणत्या कामासाठी आहे, कोणत्या जागेसाठी आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे.

कामाचा प्रश्न सरळ होता. मान्यता माहिती तंत्रज्ञान सेवांची होती, आणि देखभाल-दुरुस्ती ही सेवा वाणिज्य मंत्रालयाने सेझ युनिटांसाठी ठरवलेल्या एकसमान यादीत आहे. यादीत नसलेली सेवा असती, तर त्यांना मान्यता समितीकडे वेगळी परवानगी मागावी लागली असती.

तारखेचा प्रश्न पत्रावरून सुटत नव्हता. मान्यतापत्राची पाच वर्षे पत्राच्या तारखेपासून मोजत नाहीत. युनिटने प्रत्यक्ष काम सुरू केल्याच्या तारखेपासून मोजतात. त्यामुळे काम सुरू केल्याचे कळवणारे पत्र मी वेगळे मागितले. ते आले तेव्हा कळले की मुदत येत्या ३१ जानेवारीला संपते. म्हणजे आमच्या कराराच्या पहिल्या तीन तिमाही मुदतीत होत्या, पण चौथीचे दोन महिने तिच्या बाहेर पडत होते. ही तारीख मी लगेच कराराच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली.

खरी अडचण जागेत होती. मान्यतापत्रात चौथा आणि पाचवा मजला लिहिलेला होता. आमचा करार मात्र तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अशा तीन मजल्यांवरच्या यंत्रांचा होता. ताईंना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की तिसरा मजला त्यांनी नंतर घेतला आणि तो ‘सेझबाहेरचा’ आहे. एकाच इमारतीत हे कसे, असा प्रश्न पडू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये सेझ नियमांत ११ब हा नियम आला. त्यानुसार आयटी सेझचा विकासक इमारतीतला काही भाग बिगर-प्रक्रिया क्षेत्र म्हणून वेगळा काढू शकतो, आणि तो भाग अख्ख्या मजल्याचाच असावा लागतो. अर्धा मजला आत आणि अर्धा बाहेर असे चालत नाही. अशा मजल्यावरच्या कंपनीला सेझच्या करसवलती मिळत नाहीत. एकच लिफ्ट, एकच पाटी, एकच ग्राहक, पण तिसऱ्या मजल्यावरच्या एसीची सेवा करपात्र आणि चौथ्यावरची शून्य दराची.

हे समजल्यावर करार दोन भागांत लिहून घेण्याशिवाय मार्ग नव्हता. आमच्या सुपरवायझरने मजल्याप्रमाणे यंत्रांची यादी केली आणि दरांनुसार हिशेब मांडला, तेव्हा तिमाहीच्या दीड लाखापैकी पन्नास हजार तिसऱ्या मजल्याचे आणि एक लाख वरच्या दोन मजल्यांचे निघाले. ग्राहकाने दोन वर्क ऑर्डर दिल्या: तिसऱ्या मजल्याची सर्वसाधारण नोंदणीच्या क्रमांकावर आणि बाकीची सेझ युनिटच्या क्रमांकावर. तिसऱ्या मजल्याच्या बिलात केंद्र आणि राज्याचा प्रत्येकी नऊ टक्के कर लागला, म्हणजे साडेचार हजार अधिक साडेचार हजार. सेझच्या बिलात कर शून्य दाखवला.

इथे अनेकांचा हात अडखळतो, म्हणून थोडे थांबून सांगते. ठाणे आणि ऐरोली एकाच राज्यात आहेत, तरी सेझला केलेला पुरवठा कायद्याने आंतरराज्य मानला जातो. त्यामुळे कागद न मिळाल्यास जो कर लावायचा तो केंद्र-राज्य असा विभागून नसतो, तो अठरा टक्के एकात्मिक कर असतो. एक लाखावर तो अठरा हजार झाला असता. बिनकराच्या बिलावर नियमाप्रमाणे हे वाक्य छापावे लागते:

```
SUPPLY TO SEZ UNIT FOR AUTHORISED OPERATIONS UNDER LETTER OF
UNDERTAKING WITHOUT PAYMENT OF INTEGRATED TAX
```

नियमातला मजकूर निर्यात आणि सेझ या दोन्हींसाठी एकत्र दिलेला आहे. आम्ही त्यातला आमच्या पुरवठ्याला लागू असलेला भाग घेतो आणि खाली एलयूटीचा क्रमांक व तारीख लिहितो. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात हे बिल 6B या तक्त्यात जाते. काही अकाउंटंट ‘कर नाही ना’ म्हणून ते करमाफ पुरवठ्याच्या तक्त्यात टाकतात. तसे केले तर खरेदीवरच्या कराची जमा प्रमाणात सोडावी लागते. शून्य दराच्या पुरवठ्यात ती जमा शाबूत राहते आणि न वापरलेल्या जमेचा परतावाही मागता येतो. आम्ही गॅस, सुटे भाग आणि साधने करासह विकत घेतो, त्यामुळे आमच्यासाठी हा फरक प्रत्यक्ष पैशांचा आहे. आमच्या करारात सुटे भाग वेगळ्या बिलाने जातात. मालाच्या बिलाला सेझच्या गेटवरची नोंद आणि तिची वेगळी कार्यपद्धती लागते, ती इथे घेत नाही.

परताव्यासाठीही पुन्हा ग्राहकाचाच कागद लागतो. सेवा अधिकृत कामकाजासाठी मिळाली, याचा स्पेसिफाइड ऑफिसरने पृष्ठांकित केलेला पुरावा जोडल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, आणि अर्जाला दोन वर्षांची मुदत असते. हे पृष्ठांकन पुरवठादाराला स्वतः मिळवता येत नाही. ग्राहकाला सेझ ऑनलाइन प्रणालीवर सेवा-खरेदीची नोंद करून बिल अधिकाऱ्यापुढे ठेवावे लागते. म्हणून पत्रात मी ते आधीच लेखी मान्य करून घेतले होते. पहिल्या तिमाहीचे बिल गेल्यावर पृष्ठांकित प्रत आपोआप आली नाही. स्मरणपत्र पाठवल्यावर ताईंनी कळवले की त्यांच्याकडे अशी बिले महिनाअखेरीस एकत्र सादर होतात. मी बिलाच्या मेलमध्येच ‘पृष्ठांकनासाठी’ असे विषयात लिहायला सुरुवात केली आणि प्रत वित्त विभागाला थेट पाठवू लागले. त्यानंतर प्रत वेळेवर येऊ लागली.

कागद नसते तर काय झाले असते, याचा आकडा मी आमच्या मालकांसमोर मांडला होता, कारण त्यांनाही सुरुवातीला वाटत होते की मोठा ग्राहक उगाच दुखावला जाईल. सेझच्या भागाचे वर्षाचे चार लाख, त्यावर बहात्तर हजार कर. दोन वर्षांनी तपासणीत तो मागितला गेला, तर वर्षाला अठरा टक्क्यांनी व्याज सुमारे सव्वीस हजार, म्हणजे एकूण जवळपास अठ्ठ्याण्णव हजार, आणि दंडाचा प्रश्न वेगळाच. तिसऱ्या मजल्याचे दोन लाखही बिनकराने गेले असते तर त्यावरचे छत्तीस हजार आणि त्यांचे व्याज यात आणखी मिळाले असते, आणि तिथे तर बचाव करायलाही जागा नव्हती. अशा करारात आमच्या हाती उरणारी रक्कम पाहिली, तर वर्षभराचे काम फुकट केल्यासारखे झाले असते. मालकांनी हिशेब पाहिला आणि पुढच्या सगळ्या सेझ ग्राहकांना हेच पत्र पाठवायला सांगितले.

३१ जानेवारीची तारीख जवळ येत होती, म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीलाच मी ताईंना मुदतवाढीच्या पत्राबद्दल लिहिले. त्यात कळवले की मुदतवाढ हातात आली नाही, तर फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांच्या रकमेवर आम्हाला एकात्मिक कर लावावा लागेल. त्यांनी उत्तर दिले की अर्ज विकास आयुक्तांकडे गेलेला आहे आणि आमचा मेल त्यांनी पाठपुराव्यासाठी वरिष्ठांना पाठवला आहे. मुदतवाढीचे पत्र मार्चच्या बिलाआधी आले. त्यात १ फेब्रुवारीपासून पुढची पाच वर्षे आणि चौथा व पाचवा मजला, हे दोन्ही स्पष्ट लिहिलेले होते. ते वाचून, प्रत फाइलला लावून, मी चौथ्या तिमाहीचे बिल कर न लावता काढले आणि त्याच दिवशी नव्या आर्थिक वर्षाच्या एलयूटीचा अर्ज भरायला घेतला.